‘तुझं आधीचं का तुटलं?’ मॅचने एक्सबद्दल विचारलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुनर्विवाहाच्या मेळाव्यांना मदत करायला लागले तेव्हापासून लोक मला स्क्रीनशॉट पाठवतात. बहुतेक वेळा रात्री साडेअकराला, आणि खाली एकच ओळ असते: "ताई, याला काय लिहू?" आधी फक्त घटस्फोटितांचे यायचे. आता पंचवीस-सव्वीसच्या मुलामुलींचेही येतात, डेटिंग अ‍ॅपवरचे. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

१. मॅच होऊन दोनच दिवस झालेत आणि तिने विचारलं, "लास्ट रिलेशनशिप का संपली?" आत्ताच सांगायचं का?

आत्ता दोन ओळी, बाकीचं भेटल्यावर. चॅटमध्ये लिहिलेलं तसंच राहतं, मैत्रिणींच्या ग्रुपवर फिरतं, आणि तुमचा आवाज त्यात नसतो. भेटीत हसून सांगितलेली गोष्ट चॅटवर कुरकूर वाटते.

पण "ते नंतर सांगेन" एवढंच लिहून थांबू नका. दुसऱ्या दिवशी हा प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला बहुधा फक्त एवढंच हवं असतं: हा खरंच मोकळा आहे ना? तेवढं उत्तर द्या. "तीन वर्षं होतो एकत्र. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी संपलं, आता बोलणं नाही. का ते भेटल्यावर नीट सांगतो, इथे टाइप करून विचका होईल." यात काही लपवलेलं नाही आणि पूर्ण कहाणीही नाही.

लग्न झालेलं असेल किंवा केस चालू असेल तर मात्र "नंतर" चालत नाही. त्यासाठी प्रश्न ९ वाचा.

२. पण त्यांना माझ्या एक्सशी काय देणंघेणं?

एक्सशी नसतंच, तुमच्याशी असतं. माझ्या पाहण्यात या एका प्रश्नामागे तीन प्रश्न असतात. तू त्यातून बाहेर पडलास का? भांडण झालं की तू काय करतोस? आणि ज्या कारणाने ते तुटलं, ते कारण उद्या माझ्याही वाट्याला येणार आहे का?

लोक पहिल्याचं उत्तर जोरात देतात. "मी पूर्णपणे मूव्ह ऑन झालोय", तेही दोनदा. दुसऱ्याचं उत्तर नकळत देतात, एक्सबद्दल ज्या सुरात बोलतात त्या सुरातून. तिसरं तसंच राहतं. समोरच्याला खरं तेच ऐकायचं असतं.

३. मग नेमकं काय बोलायचं? एक नमुना द्या ना.

नमुना पाठ केला की पाठ केल्यासारखाच वाटतो, म्हणून एक मसुदा कसा बदलला तेच सांगते. ठाण्याचा एकतीस वर्षांचा मुलगा होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याने आधी हे लिहिलं होतं:

"ती खूप करिअर-ओरिएंटेड होती. बंगळूरला जॉब लागला आणि तिने मला विचारलंसुद्धा नाही, सरळ गेली. मी साडेतीन वर्षं दिली त्या रिलेशनशिपला. लाँग डिस्टन्स माझ्याकडून होत नव्हतं. ती म्हणायची निर्णय घे, पण घरची परिस्थिती तशी नव्हती. शेवटी तिनेच संपवलं. असो, जे होतं ते चांगल्यासाठी."

तिने खरंच विचारलं नव्हतं का, असं मी त्याला विचारलं. थोडा वेळ टायपिंग दिसत राहिलं, थांबलं, परत सुरू झालं. मग उत्तर आलं: "विचारलं होतं. तीन वेळा. मी बघू म्हणालो." त्याच्या ब्रेकअपचं कारण या ‘बघू’त होतं. मसुद्यात ते सोडून बाकी सगळं आलं होतं.

मग एकेक वाक्य घेतलं. ‘करिअर-ओरिएंटेड’ काढलं. नोकरी करणाऱ्या मुलीला हा शब्द टोमण्यासारखा लागतो, आणि वाचणारी स्वतः नोकरी करणारीच होती. ‘साडेतीन वर्षं दिली’मधलं ‘दिली’ काढलं, कारण त्यात हिशोब मांडल्यासारखं होतं. ‘घरची परिस्थिती’ अर्धवट राहिली तर समोरची कर्ज, आजारपण, काहीही कल्पना करेल. म्हणून एक तर स्पष्ट सांगायचं, नाही तर आणायचंच नाही. ‘असो’ तर काढलंच. मराठी माणूस ‘असो’ म्हणतो तेव्हा नक्की काहीतरी गिळत असतो.

उरलं ते असं:

"साडेतीन वर्षं होतो आम्ही. तिला बंगळूरला चांगली नोकरी लागली. पुढे काय करायचं असं तिने मला तीनदा विचारलं आणि मी दर वेळी ‘बघू’ म्हणालो. बाबांचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं, ठाणं सोडायची भीती वाटत होती, पण ते मी तिला धड सांगितलंही नाही. ती थांबून थांबून गेली. आता बाबा बरे आहेत, आणि मी ठाण्यातच राहणार हे माझं ठरलंय, म्हणून ते आधीच सांगतोय."

बोलून दाखवायला अर्धा मिनिट लागतो. किती काळ होतं, का तुटलं, त्यात स्वतःचा वाटा काय आणि आज काय बदललंय, एवढं त्यात येतं. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. समोरची पुणे-बंगळूर करणारी असेल तर आत्ताच कळेल, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला न विचारता मिळेल. एक्सचं नाव, कंपनी, स्वभाव, काहीही नाही. तिचं वागणं सांगितलं, तिच्यावर शेरा मारला नाही.

४. "आमचं जमलं नाही" एवढं पुरत नाही का? स्थळ बघताना आमच्याकडे हेच सांगतात.

वडीलधाऱ्यांमध्ये पुरतं, कारण तिथे हे वाक्य म्हणजे ‘पुढे विचारू नका’ असं सगळ्यांनी धरलेलंच असतं. ज्याच्याशी संसार करायचाय त्याच्यापुढे पुरत नाही. जमलं नाही म्हणजे काय जमलं नाही, एवढं एक नाम त्यात घाला: पैसा, वेळ, मुलं हवीत की नकोत, कुठल्या शहरात राहायचं, दारू, सासर. "मुलांच्या बाबतीत जमलं नाही. मला हवी होती, त्याला नको होती." झालं. याहून लांब उत्तराची गरज दर वेळी नसते.

५. चूक खरोखर त्याची होती. तो दुसरीकडेही बोलत होता. तरी मीच समजूतदारपणा दाखवायचा?

नाही. उगाच ‘दोघांच्याही चुका झाल्या’ म्हणू नका, ते खोटं असतं आणि तसं ऐकूही येतं. सरळ सांगा: "तो माझ्याबरोबर असताना दुसऱ्या मुलीशीही होता. मला कळलं, मी संपवलं." दोन वाक्यांत थांबा. कसं कळलं, मोबाइलवर काय दिसलं, ती मुलगी कोण, त्याच्या आईला फोन करून काय सुनावलं, हे पहिल्या भेटीत नको. खरं नाही म्हणून नव्हे. ते सांगताना तुम्ही परत त्या खोलीत जाता आणि समोरचा बिचारा दाराशी उभा राहतो.

शेरे टाळा. ‘सायको’, ‘टॉक्सिक’, ‘नार्सिसिस्ट’ हे शब्द आता इतके झालेत की ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. उलट शंका येते, की आपल्यालाही उद्या हाच शिक्का बसणार. "तो चिडला की चार-चार दिवस बोलायचा नाही" असं म्हणा. चित्र दिसतं.

मारहाण, धमकी, पाठलाग झाला असेल तर तुम्ही कुणाचंही देणं लागत नाही. "चांगली रिलेशनशिप नव्हती, सुरक्षित नव्हती, मी बाहेर पडले. त्याबद्दल ओळख वाढल्यावर बोलेन" हे पूर्ण उत्तर आहे. यानंतरही कुणी खोदून विचारत राहिला, किंवा "तू काय केलं होतंस?" म्हणाला, तर त्याच्याबद्दल कळायचं ते कळलं.

६. आणि चूक माझी असेल तर? मीच फसवलं होतं.

सांगा, पण पहिल्या चॅटमध्ये नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, ओळख जरा घट्ट झाल्यावर, पण पुढचं काही ठरायच्या आधी. तोवर "माझ्या वागण्यामुळे तुटलं, आणि ते मी तुला समोर बसून सांगणार आहे" एवढं पुरे.

सांगताना कारणांची रांग लावू नका. "ऑफिसात एकीशी जवळीक झाली, चार महिने घरी लपवलं, मग तिला कळलं" यात तुम्ही काय केलं ते आहे. "आमच्यात आधीच दुरावा होता, मी एकटा पडलो होतो" यात तुम्हाला काय वाटलं ते आहे. पहिलं आधी यायला हवं. दुसरं तिने विचारलं तर. आणि हे ऐकून ती निघून गेली तर तो तिचा हक्क आहे, समजावत बसू नका.

७. आमचं घरच्यांनी तोडलं. जात वेगळी होती. हे सांगायला काय हरकत?

हरकत काहीच नाही, पण पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवा. सगळ्यात जास्त गडबड मी इथे पाहिली आहे. "घरच्यांनी होऊ दिलं नाही" म्हटलं की सांगणाऱ्याला वाटतं आपण बिचारे ठरलो, आपला काही दोष नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र लगेच येतं: मग माझ्या वेळी काय करशील? ती तुमच्याच जातीची असेल तर येतं, तुझ्या घरी आणखी कशाकशावरून नाही म्हणतात? पत्रिका? गाव? माझा पगार?

म्हणून घरच्यांचं सांगताना स्वतःचं सांगा. तुम्ही कितपत उभे राहिलात, आणि आज घरी काय बोलणं झालंय. एका मुलीने फार नेमकं उत्तर दिलं होतं: "आई आजारी पडली आणि मी माघार घेतली. मला त्याची लाज वाटते. आता घरी सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी मी कळवेन, विचारणार नाही." हे म्हणायला तिला दोन वर्षं लागली होती. तुमचं आज तसं ठरलेलं नसेल तर ठरल्यासारखं बोलू नका. "घरचे अजून जातीवर अडून आहेत आणि मी काय करेन ते मला माहीत नाही" हे कडू आहे, पण दुसऱ्यांदा कुणाचं तरी वर्ष वाया घालवण्यापेक्षा बरं.

८. साखरपुडा मोडला होता. ते एक्समध्ये धरायचं का?

धरा. कायद्याने लग्न झालेलं नसतं, पण दोन्हीकडच्या शंभर-दीडशे लोकांनी पेढे खाल्लेले असतात. त्यातला एक तरी तिच्या मावशीच्या ओळखीचा निघतोच. तुमच्या तोंडून आधी कळू द्या. कारण मात्र प्रश्न ३ मधल्यासारखंच, थोडक्यात. देण्याघेण्यावरून मोडलं असेल तर मागणी कुणाकडून होती तेही सांगा.

९. माझा घटस्फोट झालाय, किंवा केस चालू आहे. कधी सांगायचं?

प्रोफाइलवरच. हा ‘एक्सबद्दलचा’ प्रश्न राहत नाही, तुम्ही लग्नाला मोकळे आहात का याचा होतो. विवाहसंस्थांच्या साइटवर ‘घटस्फोटित’ आणि ‘घटस्फोट प्रलंबित’ असे वेगळे पर्याय असतात. त्यातला जो खरा आहे तो निवडा. डेटिंग अ‍ॅपवर तशी जागा नसेल तर भेट ठरायच्या आधी लिहून सांगा.

‘केस चालू आहे’ एवढंही मोघम आहे. टप्पा सांगा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करायला आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर दुसऱ्या टप्प्याला साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की योग्य प्रकरणात न्यायालय हे सहा महिने माफ करू शकतं. म्हणजे "संमतीने चाललंय, दुसरी तारीख मार्चमध्ये आहे" आणि "ती द्यायला तयार नाही, तीन वर्षं लढतोय" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समोरच्याने किती थांबायचं ते त्यावर ठरतं.

वाद होऊन मिळालेल्या हुकुमानंतरही लगेच बोहल्यावर चढता येत नाही. अपिलाची मुदत संपावी लागते, कायद्याच्या कलम २८ मध्ये ती ९० दिवसांची आहे. आणि "कागदावरच बाकी आहे, मनाने कधीच संपलंय" हे वाक्य कृपया वापरू नका. कागदावर बाकी आहे म्हणजे लग्न आहे.

कारण सांगताना वकिलाच्या अर्जातली भाषा आणू नका. अर्जात ‘क्रूरता’ लिहिलेलं असतं ते कोर्टासाठी. समोरच्याला "लग्नानंतर आठ महिन्यांत कळलं, त्याला हे लग्न करायचंच नव्हतं" हे समजतं. मूल असेल तर ते कुणाकडे असतं, कोणत्या दिवशी भेटायला येतं, दरमहा पोटगी जाते का, हे कारणाआधी सांगा. रोजच्या जगण्याला लागणारं ते आहे.

१०. आई म्हणते, पहिलं लग्न सहाच महिने टिकलं, सांगायची काय गरज? तोंडावर ‘नाही’ कसं म्हणू?

आईशी भावनेवरून वाद घालू नका, कायदा सांगा. संमती मिळवताना स्वतःबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली समोरच्याला ते लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. पहिलं लग्न कायद्याने अजून उभं असेल तर दुसरं मुळातच अवैध. शिवाय ते लपवून लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. "आई, उद्या तेच लोक आपल्या दारात कागद घेऊन येतील" हे आयांना कळतं, माझा अनुभव आहे.

एक मधला रस्ता निघतो. मोठ्यांच्या बैठकीत कारणाची चर्चा नको असेल तर घटस्फोट झाल्याचं आईबाबांनी सांगायचं, आणि का झाला ते तुम्ही मुलीला स्वतः सांगायचं. त्यासाठी पोहे संपल्यावरची गच्चीवरची दहा मिनिटं पुरतात.

११. एक्सशी अजून बोलणं आहे. एकाच ऑफिसात आहोत.

तेही सांगा, आणि किती ते मोजून सांगा. "कधीकधी" चालत नाही. "एका टीममध्ये आहोत, रोज मीटिंग असते, ऑफिसबाहेर बोलत नाही" किंवा "वाढदिवसाला मेसेज करतो, बस." खरं काय ते स्वतःला कळायला एक साधी खूण आहे: तिचा मेसेज आला की फोन पालथा ठेवावासा वाटतो का? वाटत असेल तर आधी ते मिटवा, मग मॅचिंग करा.

१२. तो नाव विचारतो, फोटो दाखव म्हणतो, "किती जण होते" आणि "कुठपर्यंत गेलं होतं" हेही.

नाव आणि फोटो तुमचे नाहीत द्यायला, ते दुसऱ्या माणसाचे आहेत. "त्याचं नाव मी देणार नाही. तुझंही कुणाला देणार नाही" असं म्हणून पाहा. बरेच जण इथे ओशाळून थांबतात.

आकड्याचा प्रश्न आला तर गंभीर किती होत्या तेवढं सांगावंसं वाटलं तर सांगा. शारीरिक तपशील सांगायला कुणी बांधील नाही. आरोग्याचा मुद्दा वेगळा. जवळीक होण्याआधी दोघांनी तपासणी करून घेऊ असं कुणी म्हटलं तर तो रास्त प्रश्न आहे आणि त्यात एक्सची गोष्ट आणायची गरजच पडत नाही. तिसऱ्यांदा नकार देऊनही कुणी मुलीला "म्हणजे काहीतरी आहेच" म्हणाला, तर अनमॅच करा.

१३. माझी आजवर रिलेशनशिपच झालेली नाही. खोटी एखादी सांगू का?

नको. "नव्हती. पहिल्यांदाच नीट बघतोय" पुरे. खोटी एक्स सांभाळायला खरीपेक्षा जास्त कष्ट पडतात. तिचा वाढदिवसही लक्षात ठेवावा लागतो.

१४. आधी चुकीचं सांगून बसलोय. "आपोआप दुरावलो" म्हणालो होतो, खरं तर तिने मला सोडलं. आता?

हे खोटं लहान आहे, दुरुस्त होतं. वाट बघू नका, पुढच्याच भेटीत सांगा. फोनवर नको, रात्री उशिरा तर अजिबात नको. "त्या दिवशी मी दुरावलो म्हणालो. तसं नव्हतं, तिने सोडलं. सांगायला कमीपणा वाटला." का सोडलं ते तुम्हाला आजही नीट कळलं नसेल तर तसंच म्हणा. तिने दिलेलं कारण सांगा आणि ते तुम्हाला पटलं की नाही ते सांगा.

लग्न, मूल किंवा चालू केस लपवली असेल तर ही दुरुस्ती नव्हे, कबुली आहे. तिथे प्रश्न ९ मधले सगळे तपशील एकाच वेळी द्या. हप्त्याहप्त्याने बाहेर आलं तर दर हप्त्याला विश्वास नव्याने तुटतो. सांगून झालं की गप्प बसा, चहा गार झाला तरी चालेल. पुढचं वाक्य तिचं आहे.